ठसका न लागणारी कंपनी

लोणावळ्याच्या आमच्या शाखेत कर्ज मागायला आलेल्या धंद्याची जागा बघून यायची, हे माझं काम. बँकेत त्याला युनिट व्हिजिट म्हणतात. इतकी वर्षं हे केल्यावर माझी एक खोड झाली आहे. मी आत शिरले की आधी नाकाने बघते. बेकरीत जळकट साखरेचा वास येतो, गॅरेजमध्ये ऑईलचा, रोपवाटिकेत ओल्या शेणखताचा. धंदा चालू असला की तो कुठेतरी सांडतो, भिंतीला लागतो, कपड्यांवर बसतो. वास नसलेला धंदा मला आवडत नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांना मात्र तो फार आवडतो. त्यांना फाइल वाचायला आवडते, आणि फाइलला वास नसतो.

मार्च महिना होता. मार्चमध्ये बँकेतल्या माणसांचं डोकं ठिकाणावर नसतं, टार्गेट एवढा एकच शब्द ऐकू येतो. अशा वेळी साहेबांच्या टेबलावर एक फाइल आली आणि साहेब अक्षरशः खुलले. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. नावात ग्लोबलही होतं, अ‍ॅग्रोही होतं आणि वर इन्फ्राही होतं. मसाले आणि शेतमाल प्रक्रिया हा व्यवसाय, पत्ता मळवलीचा. स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि उलाढाल अशी की कार्ल्यापासून कामशेतपर्यंतचे सगळे दुकानदार एकत्र केले तरी पुरे पडू नयेत. मालाच्या आणि गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या पैशांच्या तारणावर त्यांना कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, हवं होतं.

"मॅडम, पेपर एकदम क्लीन आहेत," साहेब म्हणाले. "उद्या जाऊन या. फॉर्मॅलिटी आहे."

पेपर क्लीन होते यात वाद नाही. इतके क्लीन पेपर मी फक्त लग्नाच्या पत्रिकेत पाहिले आहेत. मी रात्री जागून वगैरे काही केलं नाही, दुपारी चहाबरोबर फाइल चाळली तेवढ्यात पुरेशी करमणूक झाली. कंपनी काढताना तिचे उद्देश लिहून द्यावे लागतात. यांच्या उद्देशांत मसाले होते, सॉफ्टवेअर होतं, हिरे होते, चित्रपटनिर्मिती होती आणि बांधकामही होतं. नफातोट्याच्या पत्रकात विक्री डोंगराएवढी, खरेदी जवळजवळ तेवढीच, मधे नखाएवढा नफा. पगार म्हणून एक किरकोळ आकडा. प्रॉव्हिडंट फंड नाही. माल गुजरातेत पोचवल्याचं दाखवलेलं आणि वाहतूकखर्च शून्य. म्हणजे हळद गुजरातेत आपली आपण चालत गेली असावी.

सर्वांत गमतीचं होतं दुसऱ्या बँकेतल्या खात्याचं स्टेटमेंट. सकाळी मोठी रक्कम यायची, संध्याकाळच्या आत तेवढीच बाहेर जायची, आणि खात्यात शिल्लक राहायची ती एखाद्या कॉलेजच्या पोराच्या खात्यात असते तेवढी. पैसे देणाऱ्या कंपन्या तीन, घेणाऱ्याही त्याच तीन, फक्त फुगडीत हात बदलावे तशा जागा बदललेल्या. तिघींचा ऑडिटर एक, ईमेल एक, आणि पुण्यातला पत्ताही एकच फ्लॅट. खऱ्या धंद्याचं स्टेटमेंट घाणेरडं असतं. त्यात डिझेल असतं, फोनचं बिल असतं, परत आलेला चेक असतो, कामगाराला दिलेली उचल असते, मालकाच्या बायकोने काढलेले सणाचे पैसे असतात. इथे चहासुद्धा कुणी प्यायलेला नव्हता.

तरी मी मनाशी म्हटलं, बघून येऊ. यातल्या एकेका गोष्टीने कुणी खोटं ठरत नाही. घरातून चालणाऱ्या कंपन्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. नव्या कंपनीत नोकर नसतात, व्यापाऱ्याचं गोदाम दुसऱ्याचं असतं, गावातल्या माणसाला पाटी लावायचं सुचत नाही. शंभर खऱ्या धंद्यांत यातलं एखाददुसरं सापडतं. सगळंच एका ठिकाणी सापडलं की मग चपला घालून स्वतः बघायला निघायचं.

पत्त्यावर बंगला निघाला. मळवलीत जसे असतात तसाच, शनिवार-रविवारी भाड्याने जाणारा, पुढे पोहण्याचा छोटा तलाव आणि मागे भाताची खाचरं. फाटकाच्या आत भिंतीवर चकचकीत पाटी. कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, सगळं कायद्यात सांगितल्याप्रमाणे. मी इतकी वर्षं लोकांना सांगून दमले की नोंदणीकृत कार्यालयावर पाटी लावा, आणि ती लावली कुणी, तर यांनी. पाटीवर धूळ नव्हती आणि स्क्रू इतके नवे होते की त्यांच्यात तोंड दिसावं.

बंगल्याची राखण करणारे भाऊ धावत आले. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, मूळचे वडिवळ्याकडचे. त्यांनी "ऑफिस" उघडून दाखवलं. ते म्हणजे बंगल्याची पुढची खोली होती. टेबल, तीन खुर्च्या, आणि एक कॉम्प्युटर ज्याची वायर कुठेच जात नव्हती. रॅकमध्ये मसाल्याच्या रिकाम्या रंगीत पिशव्या रचलेल्या. मी एक पिशवी उघडून नाकाला लावली. प्लास्टिकचा वास आला.

"माल कुठे आहे, भाऊ?"

"माल? मागं हाय की. चला."

मागे नोकरांच्या खोलीला लागून पत्र्याची शेड होती. तिच्या वीस पावलं अलीकडेच मला पहिली शिंक आली. दुसरी आली, मग घशात असा ठसका बसला की डोळ्यांतून पाणी. आत धप् धप् चालू होतं. मिरची कांडायचं मशीन, दोन उखळं आणि त्यांत वरखाली होणारी मुसळं, आणि तोंडाला पदर बांधलेली एक मावशी उखळात हात घालून मिरची वरखाली करत होती. भाऊंची बायको. भिंत कमरेपर्यंत लाल झालेली. बाकावर स्टीलचे डबे, प्रत्येकावर चिकटवलेली चिठ्ठी. दाराशी कार्ल्याची एक बाई वाद घालत होती की मागच्या वेळी धणे कमी भाजले होते, आणि या वेळचे पैसे पुढच्या आठवड्यात देईन. मावशी म्हणत होती, तुजं आदीचंच ऱ्हायलंय, त्ये दे मग बोल.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. गिऱ्हाईक तक्रार करतंय, उधारी थकलीय, पट्टा तुटून दोरीने बांधलाय. हा धंदा!

आणि मग मी मशीन नीट बघितलं. धूळ उडू नये म्हणून त्याला जुन्या हिरव्या साडीचा तुकडा गुंडाळला होता. वर खांबाला खंडेनवमीच्या पूजेची झेंडूची माळ, वाळून काळी पडलेली. माळेखाली कुंकवाचं स्वस्तिक. हे सगळं मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. कंपनीच्या फाइलमध्ये "आमचा अत्याधुनिक प्रकल्प" म्हणून गुळगुळीत कागदावर जो फोटो होता त्यात हेच स्वस्तिक, हीच हिरवी साडी. माळ तेवढी ताजी होती, आणि मागे भिंतीचा लाल रंग झाकायला कंपनीचा फ्लेक्स टांगला होता. त्या शहाण्यांना मशीन म्हणजे मशीन वाटलं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की पूजा केलेलं मशीन कुणाचं तरी असतं.

"मावशी, हे मशीन कंपनीचं का?"

"कंपनीचंच की," मावशी पदर सोडून म्हणाली. तिच्या तोंडावर इतका अभिमान होता की मी पुढचा प्रश्न गिळला. "आन् कंपनी आमची. ह्ये डायरेक्टर हायती."

भाऊ लाजले. खिशातून पाकीट काढून त्यांनी मला कार्ड दिलं. खरंच, संचालक म्हणून त्यांचं नाव छापलेलं होतं.

मग हळूहळू सगळं कळलं. बंगल्याचे मालक, ज्यांना हे दोघं नुसतं साहेब म्हणायचे, दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते की मावशींच्या हाताला चव आहे, मसाल्याची कंपनी काढू, भाऊ तू डायरेक्टर हो. आधार घेतलं, पॅन काढून दिलं. डिजिटल सहीसाठी भाऊंनी मोबाईलसमोर उभं राहून हसत आपलं नाव सांगितलं. त्यानंतर फोनवर जे जे आकडे आले ते ते त्यांनी साहेबांच्या माणसाला वाचून दाखवले. दुसरा डायरेक्टर साहेबांचा ड्रायव्हर. स्वतः साहेब कंपनीत कुठेच नव्हते. ते सल्लागार होते. ही जात मला चांगली माहीत आहे, सगळीकडे सल्ला देतात आणि कुठेही सही करत नाहीत.

"बेस्तरवारी बँकेत बोलावलंय साह्यबांनी," भाऊ म्हणाले. "सही कराया. मोठं मशीन येनार हाय म्हनं."

त्या सहीचा कागद मला पाठ होता. कंपनीला कर्ज देताना डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेतात. कंपनीने पैसे बुडवले की बँक हमीदाराच्या दारात जाते. ही कंपनी पैसे बुडवणार नव्हती, ती पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी अस्तित्वातच राहिली नसती. उरले असते भाऊ. वडिवळ्याला भावांत वाटून आलेला त्यांचा भाताचा तुकडा होता, आणि हे मशीन. मावशीने अर्धा किलो मसाला माझ्या पिशवीत कोंबला, पैसे घेईना. मला लय राग आला, तिच्याही भाबडेपणाचा आला, पण त्या सल्लागाराचा इतका आला की परत येताना मी रिक्षात एकटीच बोलत होते.

अहवालात मी लिहिलं की कंपनीचा कोणताही माल, कामगार वा यंत्र जागेवर आढळलं नाही. जे यंत्र दाखवलं ते दुसऱ्या व्यक्तीच्या स्वतंत्र धंद्याचं आहे. वीजबिल घरगुती आहे, आणि युनिट वाढतात ते पर्यटक आले की किंवा मिरचीचा हंगाम आला की. माल पाठवल्याचे कागद मागितले तर त्यांवर ट्रक म्हणून जो नंबर होता तो मी मोबाईलवर तपासला. स्कूटर निघाली. ट्रकभर हळद स्कूटरवरून! आमच्या साहेबांना हेसुद्धा पुरेसं वाटलं नाही.

"टायपिंग मिस्टेक असेल," ते म्हणाले. "आणि जीएसटी रिटर्न बघा ना, एकही उशिरा नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं. "खरा धंदेवाला मार्चमध्ये सीएच्या पाया पडत असतो. यांना काही विकायचंच नाही, तर वेळच वेळ आहे."

साहेब म्हणाले, निगेटिव्ह मन नका ठेवू. मी म्हटलं, ठीक आहे, डायरेक्टरची मुलाखत तरी नियमात आहे ना? ती माझ्यासमोर घ्या. त्याला ते नाही म्हणू शकले नाहीत.

गुरुवारी बंगल्याचे मालक, म्हणजे ते सल्लागार, आले. पांढरा शर्ट, हाताला अत्तर. मागून भाऊ, इस्त्रीच्या पायजम्यात, आणि लग्नाला निघाल्यासारखी मावशी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली होती, कारण कंपनी तिची होती. ड्रायव्हर गाडीतच बसून होता. केबिनमध्ये हमीचे कागद मांडलेले, सही करायच्या जागी पेन्सिलच्या फुल्या.

"भाऊ, तुमची कंपनी काय करते?" मी विचारलं.

"मिरची कांडती, म्याडम. हळद. गोडा मसाला बी करती ही."

"सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण?"

भाऊंनी मावशीकडे बघितलं. "कार्ल्याची खानावळवाली," मावशी म्हणाली. "पन तिची उदारी हाय."

सल्लागार मोठ्याने हसले. "साधी माणसं आहेत, मॅडम. ग्रासरूट. आकड्यांचं आमची टीम बघते."

"टीम कुठे बसते?"

"मल्टिपल लोकेशन्स."

मी वार्षिक उलाढालीचा आकडा भाऊंना मोठ्याने वाचून दाखवला. मग विचारलं, एवढी मिरची तुमच्या उखळात कांडायची तर किती वर्षं लागतील? भाऊंना आकडाच कळला नाही. मावशीला कळला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

"ह्यो कुटला आकडा?" ती म्हणाली. "आमी एवढं कदी कांडलं?"

आमचे मॅनेजरसाहेब घसा खाकरू लागले. मी त्यांच्याकडे न बघता भाऊंना हमी म्हणजे काय ते सांगितलं, एकही इंग्रजी शब्द न वापरता. हे पैसे मसाल्याचे नाहीत. ते तुमच्या हातात येणार नाहीत. ते बुडाले तर मात्र तुम्ही द्यायचे, वडिवळ्याच्या खाचरातून द्यायचे, मशीन विकून द्यायचे. कंपनी तुमच्या नावावर आहे, तुमची नाही.

भाऊंच्या हातात पेन होतं. त्यांनी मालकांकडे मान वळवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "साह्यब, ह्ये आपल्या मसाल्याचंच हाय ना?"

सल्लागार मोबाईल बघत होते. इतकं तातडीचं त्यात काय होतं देव जाणे. भाऊ वाट बघत राहिले. मला वाटतं, त्या माणसाने तेव्हा तोंडदेखलं हो म्हटलं असतं तरी भाऊंनी सही केली असती, इतका त्यांचा विश्वास होता. पण त्याला तेवढेही कष्ट घ्यायचे नव्हते. भाऊंनी पेन टेबलावर ठेवलं, टोपण लावून.

कर्ज नामंजूर झालं. साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले आणि नंतर वरच्या कार्यालयात, आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, असं सांगून मोकळे झाले. मी आणखी कुठे काय कळवलं त्याबद्दल बोलायची मला मुभा नाही, आणि त्याचं पुढे काय झालं ते मलाही कुणी सांगत नाही. सल्लागारांनी भाऊंना फोनवर दोन वाक्यांत कामावरून काढलं, महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली.

भाऊंचं डायरेक्टरपण मात्र असं फोनवर जात नाही. ते कागदोपत्री राहिलं असतं तर उद्या कर खात्याच्या नोटिसांपासून सगळं त्यांच्याच नावाने आलं असतं. तळेगावात माझी एक मैत्रीण कंपनी सेक्रेटरी आहे, कंपन्यांच्या कायद्याचे कागद करते. तिने भाऊंचा राजीनामा लिहून दिला. म्हणाली, झाल्या दिवसांची जबाबदारी याने पुसली जात नाही, पण इथून पुढे तरी सुटतील. राजीनामा कंपनीच्या हाती पडला की लागू होतो, म्हणून नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठव, पोच जपून ठेव, आणि सरकारकडे मी त्यांच्या वतीने कळवते. आम्ही तसं पाठवलं.

त्या शनिवारी मी मळवलीला मसाल्याचे पैसे द्यायला गेले होते. मावशीचा भाऊ कार्ल्याहून टेम्पो आणणार होता, हमरस्त्याला त्याच्या टपरीमागे मशीन बसवायचं ठरलं होतं. शेडमध्ये भांडी बांधून ठेवलेली. मावशी तरी कांडतच होती, कुणाचे तरी डबे द्यायचे राहिले होते, आणि मी ठसकत होते. कंपनीबद्दल ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "गावात समद्यास्नी सांगितलं वो, बाई. समद्यास्नी." मला तिच्याकडे बघवेना. कोट्यवधींच्या खोट्या उलाढालीबद्दल मला कधी रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं, आणि मी ते मिरचीवर ढकललं.

तेवढ्यात फाटकाशी पोस्टमन आला. त्याने पाटी वाचली, पाकिटावरचं नाव वाचलं आणि हाक मारली, "कंपनीचं पत्र हाय. कोन घेतंय?"

भाऊ पुढे गेले. पाकिटावर त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. ते त्यांचंच होतं. त्यांनी मागे वळून मला विचारलं, "म्याडम, घिऊ का?"

"घ्या, भाऊ. कंपनीनेच घ्यायचंय ते."

"पन कंपनीचं हितं कोनच न्हाई."

"तुम्ही आहात ना."

पोस्टमनला घाई होती. भाऊंनी हात पायजम्याला पुसले आणि डायरेक्टर म्हणून शिकवलेली ती लांबलचक सही पोस्टमनने दाखवलेल्या जागी केली. स्वतःचा राजीनामा स्वतःच्या हातात घेऊन ते पाटीखाली उभे राहिले. दोन वर्षांत त्या पत्त्यावर कंपनीच्या नावाने कुणीतरी काहीतरी खरंच पाठवलं, आणि कुणीतरी ते खरंच घेतलं, असं पहिल्यांदाच झालं होतं.

मागून मावशीची हाक आली, पट्टा तुटलाय, दोरी आणा. भाऊ पाकीट खिशात घालून दोरी शोधायला गेले.